विमा असूनही तेवीस हजार रुपये खिशातून का भरावे लागले?

आपल्याकडे गाडीच्या विम्याचा दावा मंजूर झाला, तरी हाती येणारी रक्कम गॅरेजच्या बिलापेक्षा बरीच कमी का असते, हे बहुतेकांना कोणी सांगतच नाही. "कंपनी कापते" एवढेच उत्तर मिळते. ही कपात एका ठरलेल्या तक्त्यानुसार होते, तो तक्ता पॉलिसीतच छापलेला असतो, आणि त्यातील एक भाग ग्रामीण भागातील वाहनधारकावर अन्याय करणारा आहे, असे माझे ठाम मत आहे.

माझ्या मावसभावाच्या गाडीचेच उदाहरण घेतो. दारव्हा-दिग्रस रस्त्यावर संध्याकाळी एक रोही अचानक आडवा आला आणि गाडीचा समोरचा भाग पूर्ण चेपला. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. गाडी १५०० सीसीच्या आतली आणि अपघाताच्या दिवशी चार वर्षे तीन महिने वयाची होती. विमा सर्वसमावेशक होता, पण त्यात 'झिरो डेप', म्हणजे भाग जुने म्हणून होणारी कपात टाळणारे जादा कलम, नव्हते. गॅरेजचे एकूण बिल ५८,५०० रुपये झाले आणि कंपनीने ३५,५०० रुपये मंजूर केले. दुरुस्ती कॅशलेस असली, तरी उरलेले २३,००० रुपये भरल्याशिवाय गॅरेजमधून गाडी बाहेर निघत नाही, आणि ते दिवस ऐन पेरणीचे, बियाणे-खतांच्या खरेदीचे होते. गॅरेजमधल्या मुलाने मात्र "दादा, कंपनीने एवढेच मंजूर केले आहे" यापलीकडे काही सांगितले नाही.

आता हे २३,००० कुठे गेले ते पाहू. जुना भाग काढून नवा बसवला, की नव्या भागाच्या किमतीतून कंपनी घसारा, म्हणजेच डेप्रिसिएशन, वजा करते. धातूच्या भागांचा घसारा गाडीच्या वयानुसार वाढतो. पहिले सहा महिने तो शून्य असतो, तीन वर्षे पूर्ण झाल्यावर चौथ्या वर्षापर्यंत २५ टक्के, चार वर्षे पूर्ण झाल्यावर पाचव्या वर्षापर्यंत ३५ टक्के आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. बोनेट, फेंडर, रेडिएटर आणि समोरची पट्टी मिळून २०,००० रुपयांचे धातूचे भाग होते, त्यातून ७,००० गेले. हाच अपघात चार महिने आधी झाला असता, तर ५,००० गेले असते. बंपर, ग्रिल, हेडलाइट आणि चाकाच्या आतली प्लास्टिकची आवरणे मिळून १८,००० रुपयांचे भाग होते, त्यातून गाडीचे वय न पाहता थेट निम्मे, म्हणजे ९,००० गेले. समोरच्या काचेचे ६,००० रुपये पूर्ण मिळाले, कारण काचेवर घसारा नसतो. मजुरीचे ५,००० रुपयेही पूर्ण मिळाले. कूलंट, एसीचा गॅस, क्लिपा आणि नट-बोल्ट यांचे १,५०० रुपये मिळाले नाहीत, कारण खर्चून जाणारे साहित्य साध्या पॉलिसीत धरत नाहीत. काढलेल्या भागांच्या भंगाराचे ५०० रुपये वजा झाले. शेवटी सक्तीची वजावट, जिला पॉलिसीत कंपलसरी डिडक्टिबल म्हणतात, ती १,००० रुपये. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारला प्रत्येक दाव्यामागे एवढी रक्कम मालकाने सोसायचीच असते. त्याहून मोठ्या इंजिनाच्या कारला ती २,००० आणि दुचाकीला १०० रुपये असते.

हे सारे जोडले, तर १९,००० रुपयांचा हिशेब लागतो. उरलेले ४,००० रंगकामातून कापले होते, आणि तिथेच चूक सापडली. रंगकामाचे बिल ८,००० रुपये होते आणि सरळ त्याच्या निम्मी रक्कम वजा केली होती. पॉलिसीतील अट वेगळी आहे. रंगकामात घसारा फक्त साहित्यावर लागतो, मजुरीवर नाही. बिलात रंगाचे साहित्य आणि मजुरी वेगळी दाखवलेली नसेल, तर एकूण रंगकामाचा २५ टक्के भाग साहित्याचा धरायचा आणि त्याच्या ५० टक्के घसारा काढायचा. म्हणजे ८,००० पैकी साहित्य २,००० आणि घसारा फक्त १,००० रुपये. कंपनीने ३,००० रुपये जास्त कापले होते.

ही चूक दिसली ती कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरचा मूल्यांकन तक्ता हातात आल्यावर. गॅरेजमधून फक्त मंजूर रकमेचा कागद मिळतो. त्यात कोणत्या भागावर किती घसारा लावला, कोणता भाग प्लास्टिक धरला आणि कोणता धातू, हे काहीच नसते. सर्व्हेच्या अहवालाची प्रत मागण्याचा विमाधारकाला हक्क आहे, म्हणून भावाने दावा क्रमांक टाकून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला, तक्ता मिळवला आणि पॉलिसीतील रंगकामाची अट उतरवून फरक मागितला. ३,००० रुपये त्याच्या खात्यावर जमा झाले. तक्ता हाती आल्यावर आणखी एक गोष्ट अवश्य तपासावी. रेडिएटरसारख्या मिश्र भागाला धातू धरले आहे की प्लास्टिक, यावर ३५ टक्के की ५० टक्के हे ठरते, आणि अशा भागांबाबत सर्व्हेअरला लेखी कारण विचारता येते.

चूक दुरुस्त झाल्यावरही २०,००० रुपये भावाच्याच खिशातून गेले, आणि त्यातील सर्वांत मोठा वाटा प्लास्टिकचा आहे. माझा आक्षेप इथे आहे. टायर चालून झिजतो आणि बॅटरी उतरते, त्यांच्यावरचा ५० टक्के घसारा मला समजतो. पण बंपर आणि ग्रिल चालून झिजत नाहीत. तरीही गाडी शोरूममधून कालच आणलेली असली आणि आज रोही आडवा आला, तरी बंपरची निम्मीच किंमत मिळते, तर त्याच गाडीच्या बोनेटवर मात्र घसारा शून्य असतो. हा तक्ता २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमधला आहे. आज गाडीचा समोरचा भाग बहुतांशी प्लास्टिकचा असतो, आणि आमच्याकडचे अपघात समोरूनच होतात. रोही, रानडुक्कर, रात्री बैलबंडीला मागून बसलेली धडक, या सगळ्यांत आधी फुटतो तो बंपर आणि हेडलाइट. जंगलाला लागून असलेल्या तालुक्यातील माणसाला मोठी कपात सोसावी लागते, ती यामुळे. प्लास्टिकच्या भागांचा घसाराही धातूप्रमाणे वयानुसार वाढत जावा आणि मूल्यांकनाचा पूर्ण तक्ता दाव्याच्या रकमेसोबत, न मागता, मराठीत मिळावा, अशी माझी विमा नियामकांकडे मागणी आहे.

तोपर्यंत नूतनीकरणाच्या वेळी 'झिरो डेप' विचारून घ्यावे. तालुक्याच्या ठिकाणी बहुतेकदा सर्वांत कमी हप्त्याचा आकडा दाखवून पॉलिसी दिली जाते आणि या पर्यायाचा उल्लेखच होत नाही. भावाच्या पॉलिसीत तो असता, तर भाग आणि रंगकाम यांच्या घसाऱ्याचे १७,००० रुपये वाचले असते. सक्तीची वजावट मात्र त्यातही चुकत नाही, आणि कूलंट-गॅसच्या खर्चासाठी वेगळे कलम घ्यावे लागते. अनेक कंपन्या पाच वर्षांपुढच्या गाडीला हा पर्याय देत नाहीत, आणि वर्षात किती दावे चालतील यावरही काहींची मर्यादा असते, म्हणून या दोन्ही गोष्टी हप्ता भरण्याआधी लेखी मागाव्यात. भावाची गाडी या नूतनीकरणाला पाच वर्षांच्या आतच आहे, त्यामुळे त्याने या वेळी तो पर्याय घेतला आहे.