आधी कोणता अल्बम?

मेटल ऐकायला सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न चारचौघांत विचारू नये. एकाला विचारला तर उत्तर मिळतं, दोघांना विचारला तर वाद मिळतो, आणि तिघांना विचारला तर त्यातले दोघं तिसऱ्याला 'तू सांगतोयस ते मेटलच नाही' हे पटवण्यात रात्र घालवतात. आपण कोपऱ्यात बसून पाणी प्यायचं.

माझा भाचा अट्टल मेटलवाला. मी नुसतं म्हणालो, "अरे, जरा ऐकावं म्हणतोय," तर पाचव्या मिनिटाला मेटलच्या प्रकारांची त्याची यादी हजर. थ्रॅश, डूम, डेथ, ब्लॅक, पॉवर, प्रोग्रेसिव्ह, आणि मग त्यांची आपापसांत झालेली लग्नं. ती यादी वाचूनच मला घाम फुटला. पन्नास-पंचावन्न वर्षांचा माल साचलाय आणि कोणी काही टाकून दिलेलं नाही. वर भाच्याचा शेरा : "मामा, मेटॅलिकाच्या १९९१च्या काळ्या अल्बमपासून सुरू करू नकोस, लोक हसतील." त्याच्या मित्राचा निरोप वेगळाच होता : "काका, तिथूनच करा, गाणी आटोपशीर आहेत." दोघंही मनापासून सांगत होते, हीच तर अडचण.

या सगळ्यांत एक घोळ होता, तो माझ्या फार उशिरा ध्यानात आला. 'सगळ्यात भारी अल्बम कोणता' आणि 'आधी कोणता ऐकावा' हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि मेटलवाले दुसरा विचारला की हमखास पहिल्याचं उत्तर देतात. भारी अल्बम भारी असतो तो आधीच्या चाळीस अल्बमांच्या तुलनेत. ज्यानं ते चाळीस ऐकलेलेच नाहीत, त्याला तो नुसता मोठा आवाज वाटतो.

मग मी शिस्तीत जायचं ठरवलं : मुळापासून. म्हणजे ब्लॅक सॅबथ, बर्मिंगहॅम, फेब्रुवारी १९७०. पहिल्याच अल्बमचं पहिलंच गाणं. पाऊस पडतोय, दूर कुठंतरी घंटा वाजतेय, आणि मग गिटार येते : सा, वरचा सा, आणि तिथून खाली तीव्र मध्यम, तोही थरथरवत. बस, एवढंच. अतिशय संथ. पंचम येईल म्हणून कान वाट बघत राहतो आणि तो काही येत नाही. भीती कशानं वाटते ते एकदा असं कळलं की निम्मी भीती जाते आणि मजा मात्र पुरी उरते. पण नवख्याला सहा मिनिटं या चालीनं न्यायचं म्हणजे त्याचा अंत बघणं आहे.

म्हणून त्याच वर्षीचा त्यांचा दुसरा अल्बम, 'पॅरानॉइड', आधी घ्यावा असं माझं मत झालं. यात 'आयर्न मॅन' आहे, ज्याची गिटार दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीतही गुणगुणता येते. यातलं शीर्षकगीत तर अल्बम लांबीला कमी पडतोय म्हणून शेवटी घाईघाईनं रचलेलं, तीन मिनिटांच्या आतलं. नेमकं तेच सगळ्यात गाजलं. गिटारवाला टोनी आयोमी. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात उजवा. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. पठ्ठ्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि हलक्या तारा लावून वाजवत राहिला. पुढं १९७१च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'त त्यानं बऱ्याच गाण्यांना तारा तीन अर्धस्वरांनी खाली उतरवल्या. तारा सैल, आवाज जड. आज मेटल म्हटल्यावर पोटात जो गडगडाट होतो, त्यातला बराचसा वाटा या सैल तारांचा.

इथं मला माझी परीक्षा सापडली, आणि ती मी अजून वापरतो. गिटारचा जो तुकडा गाण्यात फिरून फिरून येतो, त्याला रिफ म्हणतात. मेटलची इमारत रिफवर उभी असते; गायक बहुतेक वेळा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. अल्बम दोनदा ऐकून दुसऱ्या दिवशी एकही रिफ तोंडात येत नसेल, तर तो अल्बम वाईट नसतो, पण आपण एक पायरी गाळलेली असते. मुकाट मागं यावं. 'पॅरानॉइड'नंतर मला तीन रिफ आले. बायकोला त्यातले दोन आले, तेही नको असताना.

पुढची पायरी जुडास प्रीस्टचा 'ब्रिटिश स्टील', १९८०. गाणी छोटी, सुटसुटीत, ओळी एकत्र ओरडायला सोप्या. 'मेटल गॉड्स' या गाण्यात यंत्रमानव चालत येतात, त्यांच्या पावलांचा लोखंडी खळखळाट आहे; तो काटे-चमच्यांचा ट्रे हलवून काढलेला आहे. हे कळल्यावर त्या यंत्रमानवांचा धाक उरत नाही, पण जिव्हाळा वाटायला लागतो. मात्र भाचा म्हणे पहिलं गाणं 'रॅपिड फायर', आणि माझ्याकडे पहिलं 'ब्रेकिंग द लॉ'. अर्धा तास आम्ही एकमेकांना खोटं पाडत होतो. भानगड अशी की ब्रिटनमधल्या आणि अमेरिकेतल्या आवृत्तीत गाण्यांचा क्रमच वेगळा होता. तेव्हापासून वाद घालण्याआधी आवृत्ती विचारतो. शिवाय नव्या आवृत्त्यांत शेवटी मैफलीतल्या ध्वनिमुद्रणांची शेपटं जोडलेली असतात. अल्बम संपला तरी संपत नाही, आणि नवखा बिचारा 'हे फारच लांबलं' म्हणून चांगल्या अल्बमला नावं ठेवतो. मूळ गाणी किती होती ते बघावं आणि तिथं थांबावं.

आता खरी परीक्षा : थ्रॅश. म्हणजे वेग. इथं १९८६ साल आडवं येतं. त्या एकाच वर्षी मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' आला आणि स्लेयरचा 'रेन इन ब्लड'. पहिला जवळजवळ पंचावन्न मिनिटांचा, गाणी आठ. दुसरा एकोणतीस मिनिटांचा, गाणी दहा. कोणताही व्यवहारी माणूस काय करेल? अर्ध्या तासाचा उचलेल. मीही म्हटलं, छोटं आहे, पटकन उरकू.

छोटं म्हणजे सोपं, ही समजूत पहिल्या किंकाळीतच निकालात निघते. 'रेन इन ब्लड' लांबीला कमी आहे कारण त्यात श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाही. मधली गाणी दोन-अडीच मिनिटांची. एक संपलं आणि दुसरं सुरू झालं हे कळायला पडद्याकडे बघावं लागतं. कानाला वेग कळतो तो संथपणाशी ताडून. इथं ताडायला फारसं काहीच नाही, म्हणून नवख्याला वेग जाणवतच नाही, एकसलग घरघर जाणवते. शेवटी खराखुरा पाऊस पडतो आणि अल्बम संपतो. त्या पावसाइतका सुखद पाऊस मी ऐकलेला नाही.

'मास्टर ऑफ पपेट्स' दुप्पट लांब, पण दमवत नाही. पहिलं गाणं 'बॅटरी' सुरू होतं साध्या, बिनविजेच्या गिटारींनी. इतकं गोड की मी म्हटलं, हे तर आपल्यातलं निघालं, आणि आवाज वाढवला. तो वाढवायचा नसतो. अर्ध्या मिनिटानंतर जे अंगावर आलं त्यानं हेडफोन निम्मे कानातून निसटले आणि शेजारच्या खोलीतून "काय पडलं?" असा आवाज आला. पण हीच तर युक्ती आहे. आधी संथ ऐकवलं, म्हणून वेग वेग वाटला. शीर्षकगीतही मध्येच थांबून हळुवार होतं, दोन गिटारी एकमेकींच्या हातात हात घालून चालतात, आणि मग पुन्हा घण पडतात. सातवं गाणं 'ओरायन', आठेक मिनिटांचं, त्यात शब्दच नाहीत. शब्द कळत नाहीत अशी तक्रार करायलाही कोणी शिल्लक राहत नाही.

फक्त हे सगळं क्रमानं ऐकलं तर. मी दुसऱ्या खेपेला ऐकलं तेव्हा फोनवर शफल चालू राहिलं होतं. 'ओरायन' आधी, 'बॅटरी' मध्येच, आणि बांधलेल्या चढउतारांचा पार खिचडा. शफल हे मेटलचं सगळ्यात मोठं दुखणं आहे, सैतानाचं नाव उगाच पुढं करतात. 'पपेट्स' पचल्यावर महिन्याभरानं 'रेन इन ब्लड'कडे परत गेलो, तर गाणी चक्क वेगवेगळी ऐकू आली. अल्बम तोच होता.

राहता राहिला घसा. डेथ मेटलची गुरगुर. भाचा म्हणाला, "मामा, त्याची सवय होते." सवय अशी आपोआप होत नाही. कान त्या आवाजात शब्द शोधतो, शब्द सापडत नाहीत, मग सूर शोधतो, तोही नाही, आणि मग चिडतो. तिथं शोधायचा असतो ताल. तो आवाज ड्रमचा सख्खा भाऊ आहे, गायकाचा लांबचा.

हे समजायला मला स्वीडनच्या ओपेथचा 'ब्लॅकवॉटर पार्क' उपयोगी पडला, २००१चा. यात एकच माणूस स्वच्छ सुरातही गातो आणि गुरगुरतोही. इथं मी क्रम मोडायला सांगेन, आणि आत्ताच शफलला शिव्या दिल्या हे माहीत असून सांगेन. आधी तिसरं गाणं, 'हार्वेस्ट' : गुरगुर अजिबात नाही. मग चौथं, 'द ड्रेपरी फॉल्स' : बराच वेळ सुरेल चालतं, आणि गुरगुर येते तेव्हा संगीतच इतकं काळवंडलेलं असतं की दुसरा कोणता आवाज तिथं शोभला नसता. एकदा तसं वाटलं की पहिल्या गाण्यापासून रीतसर बसायला हरकत नाही. तरीही नाही जमलं तर जुडास प्रीस्ट कुठं जात नाहीत; तिथंच राहिलेला माणूसही मेटलवालाच, भाचा काहीही म्हणो.

परवा त्याचा निरोप आला : "मामा, आता डूम. स्लीपचा 'डोपस्मोकर' ऐक." उघडून बघितलं तर तासाभराहून लांब एकच गाणं. भाच्याला कळवलं, ऐकतो, यात शफलला करण्यासारखं काही नाही.