नकाशाविना विचारलेला उतार: एका प्रतिक्रियेला उत्तर

"भूगोलाचे शिक्षक म्हणवता, आणि शेजारच्या दोन समोच्च रेषांत 2 मिलिमीटर अंतर असेल तर उतार किती, एवढे साधे सांगता आले नाही. नकाशा जोडला नाही हे निमित्त झाले. टोपोशीट म्हटले की प्रमाण 1:50,000, हे शेंबडे पोरही सांगेल. बाकी ब्लॉगवर गप्पाच जास्त."

महोदय, मतभेद नोंदवताना "म्हणवता" हा शब्द वापरण्याची गरज नव्हती. माझी सारी नोकरी मुलांसमोर टोपोशीट पसरून गेली आहे, आणि निमित्ते शोधण्याची सवय मला नाही. रेषा जितक्या जवळ तितका उतार तीव्र, आणि वर्गात 1:50,000 चीच पत्रके जास्त दिसतात, हे मला मान्य आहे. पण तेवढ्याने उत्तर निघत नाही.

प्रमाण 1:50,000 धरले, तर 2 मिलिमीटर म्हणजे जमिनीवर 100 मीटर. आता या 100 मीटरांत चढ किती, हे प्रमाण सांगत नाही. ते समोच्च रेषांतर सांगते, आणि ते पत्रकाच्या समासात छापलेले असते. आपल्याकडील पत्रकांवर ते सहसा 20 मीटर असते. मग उतार पाचास एक, म्हणजे सुमारे 11 अंश. हिमालयातील उंच भागाच्या पत्रकांवर त्याच प्रमाणात ते 40 मीटर आढळते. तेथे तोच उतार अडीचास एक, जवळपास 22 अंश होतो. मैलाला इंच प्रमाणाचे, म्हणजे 1:63,360 चे, जुने पत्रक असेल आणि रेषांतर 50 फूट असेल, तर उतार आठास एकच्या आसपास येतो. यांतला कोणता आकडा मी आपल्याला कळवायला हवा होता, ते आपणच सांगा.

हेही पुरेसे नाही. आपण 2 मिलिमीटर कशावर मोजले? मूळ पत्रकावर, झेरॉक्सवर की मोबाइलमधील चित्रावर? नकाशा निम्म्या आकाराचा करून छापला तरी त्यावर 1:50,000 हेच अक्षर राहते, पण 2 मिलिमीटर आता 200 मीटर दाखवतात आणि 20 मीटर रेषांतराला उतार दहास एक भरतो. छोट्या केलेल्या झेरॉक्सवर पट्टी ठेवून डोंगर सपाट करणारी हुशार मुले मी पाहिली आहेत. त्यांचे गणित अचूक होते, कागद चुकीचा होता. आकार बदलला की रेषाप्रमाण त्याच्याबरोबर लहानमोठे होते, म्हणून विश्वास त्यावर ठेवावा. ते कापले गेले असेल, तर कडेची अक्षवृत्ते पाहावीत: 1:50,000 च्या मूळ पत्रकावर 1 मिनिट अक्षांशाचे अंतर सुमारे 3.7 सेंटिमीटर भरते. तेवढे भरले नाही, तर आपली प्रत मूळ आकाराची नाही.

गप्पांबद्दलच्या शेऱ्यावर मी वेळ घालवणार नाही.

पत्रक क्रमांक (सिंहगडाचा भाग असेल तर 47 F/15), समासातले रेषांतर आणि रेषाप्रमाणासह पूर्ण नकाशाचे छायाचित्र पाठवा. उत्तर गणितासह देईन, आपला सूर कसाही असला तरी.