नवजात बाळाच्या फोटोतली लाली: Reds −४० केल्यावर नेमकं काय बिघडतं

“नवजात बाळाच्या फोटोत लाल चट्टे दिसतायत? फोटोशॉपमध्ये Hue/Saturation उघडा, Reds निवडा, Saturation −४० आणि Lightness +२० करा. लाली पूर्ण गेली पाहिजे. हेच सेटिंग सेव्ह करून सगळ्या फोटोंना लावा, एका मिनिटात काम!”

हा सल्ला जसाच्या तसा पाळला तर फोटो सुधारण्याऐवजी बिघडतो. आधी Saturation बद्दल. चट्ट्याचा रंग आजूबाजूच्या त्वचेपेक्षा फक्त भडक असता, तर तो उतरवून काम झालं असतं. पण चट्टा तीन बाबतींत वेगळा असतो: त्याची छटा पिवळ्याकडून लालकडे सरकलेली असते, रंग थोडा भडक असतो आणि उजेड कमी असतो. आकड्यांत बघू. गव्हाळ गालाचा स्वच्छ भाग २१४, १६८, १४५ (लाल, हिरवा, निळा) आणि शेजारचा चट्टा २०१, १३२, ११८ असा आहे असं धरा. छटेच्या चाकावर स्वच्छ भाग २० अंशांवर येतो, चट्टा १० अंशांवर. डोळ्याला जाणवणारा उजेड काढला तर स्वच्छ भाग साधारण १७९ आणि चट्टा १५१, म्हणजे २८ चा फरक.

आता Saturation −४० लावा. चट्टा साधारण १८४, १४३, १३५ होतो. त्याची छटा १० अंशांवरच राहते, कारण Saturation छटेला हात लावत नाही. Reds ची मूळ हद्द ३४५ ते १५ अंश असते आणि तिचा उतार ४५ अंशांपर्यंत पसरतो. त्यामुळे २० अंशांवरचा स्वच्छ गालही त्यात सापडतो आणि २०३, १७२, १५६ च्या आसपास येतो. उजेडातला फरक २८ वरून जेमतेम २५ वर उतरतो. म्हणजे चट्टा जवळपास होता तिथेच राहिला, आणि चांगल्या त्वचेचा रंग मात्र उडाला. बाळ राखाडी दिसतं ते यामुळे. ओठांची छटा चट्ट्यांच्याही अलीकडे, शून्याच्या आसपास असते, म्हणून ओठांवरही हे सेटिंग पूर्ण जोरात लागतं आणि त्यांचाही रंग उडतो.

खरं काम छटा सरकवण्याचं आहे, आणि तेही फक्त चट्ट्यावर. Eyedropper चा Sample Size ११ × ११ ठेवा, Info पॅनेलमध्ये HSB निवडा आणि चट्टा व स्वच्छ त्वचा दोन्हींची छटा वाचा. Hue/Saturation चा ॲडजस्टमेंट लेयर घेऊन Reds निवडा. तात्पुरतं Hue +१८० करा म्हणजे कोणता भाग सापडतोय ते हिरवट-निळ्या रंगात उठून दिसेल. मग खालच्या पट्टीवरचे आतले दोन दांडे ३५५ आणि १२ अंशांवर आणा, बाहेरचे ३४० आणि २२ वर. आता Hue परत शून्यावर आणून +१० करा, Saturation −५. एवढ्यानेच चट्टा २०१, १४६, ११८ च्या जवळ येतो आणि उजेडातला फरक २८ वरून २० वर उतरतो, Lightness ला न शिवता.

दांडे एकमेकांना चिकटवू नका, उतार किमान १० अंशांचा हवा. तो अरुंद झाला की चट्ट्याच्या कडेला ठिपके किंवा चौकोनी तुकडे दिसतात. जेपेगमध्ये हे लवकर होतं, कारण त्यात रंगाची माहिती उजेडापेक्षा ढोबळ साठवलेली असते. रॉ फाइल १६ बिटमध्ये उघडली तर बरीच मोकळीक मिळते.

उरलेल्या उजेडासाठी Curves चा वेगळा लेयर घ्या आणि १४६ चा बिंदू १५६ वर उचला. चट्टा २०७, १५६, १२८ च्या आसपास जातो आणि फरक दहाच्या घरात येतो. इथे थांबा. दोन्ही लेयरचे मास्क काळे करून (Ctrl+I) पांढऱ्या, मऊ कडेच्या ब्रशने, Flow १० ते १५ टक्के ठेवून फक्त चट्ट्यांवर फिरवा. ओठ, नाकपुड्यांची कडा, कानाच्या पाळ्या आणि तळवे मास्कबाहेर ठेवा. काही सुटलंय का ते बघायला सगळ्यात वर Saturation +६० चा एक तपासणी लेयर ठेवता येतो. उरलेले चट्टे लगेच दिसतात. काम झाल्यावर तो काढून टाका, नाहीतर तोही सेव्ह होतो.

Lightness +२० बद्दल आमचं मत ठाम आहे: हा लाली घालवायचा उपाय नाही, बाळाला गोरं करायचा आहे. आपल्याकडची बरीच बाळं जन्मतः लालसर-गुलाबी दिसतात आणि त्यांचा खरा वर्ण पुढच्या काही आठवड्यांत गडद होत जातो. कानाची कड, बोटांची पेरं, नखांच्या मुळाशी तो आधीच दिसतो. त्या जागा उजळ केल्या तर फोटोतलं बाळ त्याच्या घरच्यांसारखं दिसत नाही.

लाली पूर्ण जाण्याचा आग्रहही चुकीचा आहे. नवजात बाळाची त्वचा पातळ असते, रक्तात हिमोग्लोबिन जास्त असतं, त्यामुळे थोडी लाली हाच त्याचा खरा रंग. ती मुळापासून काढली की खालचा पिवळा रंग वर येतो, आणि कावीळ असलेल्या बाळात तो फारच उठतो. अशा वेळी पिवळाही थोडा कमी करावा लागतो, पण लाल आधी आणि पिवळा नंतर, नाहीतर दोन्हींचा अंदाज चुकतो. पापण्यांवर, कपाळावर किंवा मानेच्या मागे फिकट लाल डाग असेल तर तो जन्मखूण असू शकतो. पालकांना विचारल्याशिवाय तो पुसू नका.

एकच सेटिंग सगळ्या फोटोंना का चालत नाही, त्याचं कारण साधं आहे: चट्टे जागा बदलतात. तेलमालिश आणि गरम पाण्याच्या अंघोळीनंतर अंग लाल होतं, रडल्यावर चेहरा लाल होतो, शांत झोपल्यावर दोन्ही उतरतं. पहिल्या काही दिवसांत हातपाय निळसर-जांभळे असतात. त्यांची छटा ३३० ते ३४५ च्या आसपास पडते आणि वर आवळलेल्या Reds मध्ये नीट सापडत नाही, तिथे Magentas निवडून, दांडे त्या छटेवर आणून Hue थोडा पुढे न्यावा लागतो. ओठ किंवा जीभ मात्र प्रत्यक्षातच निळी दिसत असेल तर तो एडिटिंगचा विषय नाही, बाळाला लगेच डॉक्टरांकडे न्या.

हे सगळं व्हाइट बॅलन्स बरोबर असेल तरच लागू पडतं. तो ग्रे कार्डवर घ्या, बाळाच्या पांढऱ्या दुपट्यावर नको. नीळ दिलेलं किंवा चमक आणणाऱ्या पावडरीने धुतलेलं कापड कॅमेऱ्याला निळसर दिसतं. त्यावर क्लिक केलं की सगळा फोटो पिवळा-लाल होतो, आणि मग जे चट्टे तुम्ही तासभर पुसत बसता त्यातले निम्मे बाळाच्या अंगावर नसतातच.