मागचा अॅक्सल, सरळ स्टिअरिंग आणि तुमचे ते चार तास

ग्राहकाचा अभिप्राय (१ तारा): "साधं अलाइनमेंट करायला गाडी दिली. स्टिअरिंग एकदम सरळ होतं. मागचा अॅक्सल वाकडा आहे म्हणून बुश बदलले, तर चांगलं स्टिअरिंग वाकडं झालं, मग ते सरळ करायला परत पुढचं काम काढलं. चार तास आणि ४,१०० रुपये गेले. आधी बिघडवायचं आणि मग दुरुस्त करायचं."

नमस्कार सर,

तुमचा रविवार आमच्या बाकावर गेला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. एका तासाचं काम म्हणून सांगितलं आणि चार तास लागले, ही चूक आमची. बुश, म्हणजे मागचा अॅक्सल गाडीला जोडणारे रबरी सांधे, दुसऱ्या दुकानातून आणायला दीड तास गेला, तो तेव्हाच सांगायला हवा होता.

पण "आधी बिघडवायचं" हे वाचून रात्री झोप लागली नाही. वडिलांनंतर हे दुकान मी बावीस वर्षं चालवतोय आणि आमच्याकडे येणारी माणसं एकमेकांच्या शब्दावरच येतात. म्हणून त्या एकाच गोष्टीबद्दल सविस्तर लिहितो.

स्टिअरिंग सरळ होतं हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. गाडी मात्र सरळ नव्हती. मशीनवर मागच्या डाव्या चाकाचा टो, म्हणजे चाकाचं तोंड आत किंवा बाहेर किती वळलंय तो कोन, +०.४५ अंश होता आणि उजव्याचा -०.१५. म्हणजे डावं चाक आत वळलेलं, उजवं बाहेर. वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची तोंडं उजवीकडेच. दोघांची बेरीज ०.३० येते आणि तुमच्या मॉडेलला ती चालते. म्हणून टायर वेडेवाकडे झिजले नाहीत आणि कुणाला शंका आली नाही. पण दोघांतला फरक ०.६०, त्याचा अर्धा ०.३० अंश. मागची चाकं मिळून गाडीच्या मधल्या रेषेपासून एवढ्या तिरक्या दिशेने धावत होती. याला थ्रस्ट अँगल म्हणतात. रीडिंगवर विश्वास बसेना म्हणून आम्ही गाडी पुढेमागे ढकलून, रिमचा डगमगाट वजा करून परत मोजलं. तेच आलं.

तुम्ही विचारलं होतं की गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाते, मग मागच्या चाकांचा काय संबंध? सर, मागची चाकं ड्रायव्हरला वळवता येत नाहीत. ती जिकडे तोंड करून आहेत तिकडेच लोळणार. त्यामुळे सरळ जायचं तर पुढची चाकंही तेवढीच उजवीकडे धरावी लागतात, चारही समांतर होतात आणि गाडी अंग तिरकं ठेवून खेकड्यासारखी चालते. अशा गाडीत स्टिअरिंग वाकडं दिसायला हवं. तुमचं दिसत नव्हतं, कारण पूर्वी कुणीतरी स्टिअरिंग चाकांना जोडणाऱ्या दांड्यांपैकी एक टाय रॉड लांब आणि दुसरा आखूड करून स्टिअरिंग तेवढं सरळ बसवलं होतं. त्यांनी फसवलं असं मी म्हणत नाही. मागचा अॅक्सल हलवताच येत नसेल तर पुढची चाकं त्याच्या दिशेला लावणं हाच रिवाज आहे, आम्हीही करतो. पण त्याआधी मागे काही तुटलंय का ते बघावं लागतं.

तुमच्या गाडीत तुटलेलं होतं. रॅम्पवर उजव्या बुशला टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, लावली तेव्हा रबर आतल्या नळीपासून सुटून अख्खा आर्म हलताना तुम्ही स्वतः वाकून पाहिला. अॅक्सल धरणाऱ्या ब्रॅकेटच्या बोल्टशेजारी जुन्या गंजात नखाएवढी चकचकीत चंद्रकोर होती, ब्रॅकेट तिथून सरकल्याची ती खूण. दोन्ही चाकं प्रत्येकी असायला हव्या त्या ०.१५ पासून सारखीच ०.३० नं फिरली होती, म्हणजे एखादं चाक वाकलं नव्हतं, पूर्ण अॅक्सलच फिरला होता. टेपनं मोजलं तर डावीकडे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर उजवीकडच्यापेक्षा ८ मिलिमीटर कमी भरलं. उजवं चाक मागे ढकललं गेल्यावर असंच होतं. आणि मग तुम्हालाच आठवलं, की गेल्या पावसाळ्यात तेच चाक खड्ड्यात आपटून रिम बदलली होती.

अंगणात पाणी टाकून गाडी सरळ चालवून दाखवली तेही तुम्ही लिहिलं नाहीत, याचं जास्त वाईट वाटलं. उजवीकडे मागच्या टायरचा ओला पट्टा पुढच्याच्या बाहेर आणि डावीकडे आत पडला होता. पुढच्या आणि मागच्या चाकांची रुंदी मुळातच थोडी वेगळी असते, म्हणून एकाच बाजूच्या पट्ट्यावरून काही ठरत नाही, दोन्ही बघाव्या लागतात. तुमच्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, २,४५० मिलिमीटर, त्याला ०.३० अंशाने मागचा पट्टा साधारण १३ मिलिमीटर सरकतो. एक बोट.

दोन्ही बुश बदलून, ब्रॅकेट जागेवर आणून, चाकांवर वजन टाकूनच बोल्ट आवळले. गाडी उचललेली असताना आवळले तर नवीन रबर पिळलेलंच बसतं. मग डावं +०.१९, उजवं +०.११, थ्रस्ट ०.०४. आता सांगा, अॅक्सल सरळ झाल्यावर वाकड्या अॅक्सलला जुळवलेलं स्टिअरिंग कसं सरळ राहील? ०.२६ अंशाचा फरक पडला. या गाडीचं स्टिअरिंग साधारण १५ अंश फिरल्यावर चाक १ अंश वळतं. म्हणून सरळ रस्त्यावर ते ४ अंश डावीकडे दिसलं, वरच्या कडेला पुन्हा एक बोट. ते आम्ही बिघडवलं नाही. आधीची झाकलेली चूक तिथे उघडी पडली. आणि पुढचं काम दुसऱ्यांदा केलं त्याचे पैसे घेतलेच नाहीत. बिल बघा: अलाइनमेंट ७०० एकदाच, बुश जोडी आणि मजुरी ३,४००. त्याआधी फोन केला तेव्हा "करून टाका" असं तुम्हीच म्हणालात.

अॅक्सल अजून ३ मिलिमीटर उजवीकडे सरकलेला आहे. तो ऑफसेट वेगळा, त्यात चाकांची तोंडं सरळच असतात, फक्त एक टायर मडगार्डच्या जरा जवळ दिसतो. तेवढ्यासाठी आणखी खर्च नको म्हणून तसाच ठेवला आणि प्रिंटवर लिहून दिला.

यापुढे काम वाढलं तर आधीचं रीडिंग हातात देऊन आणि वेळ सांगूनच पुढे जाऊ, मुलांनाही तसं बजावलं आहे. हजार एक किलोमीटर झाले की गाडी आणा, बोल्ट आणि मागचं रीडिंग फुकट तपासून देतो. त्या दिवसाच्या दोन्ही प्रिंट माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत.