पाकीट पोस्टात टाकून पुरावा होत नाही

गेले काही महिने हा मजकूर साहित्यिकांच्या आणि कलाकारांच्या ग्रुपांवर फिरतोय:

«लेखक, कवी, संगीतकार मित्रांनो, जास्तीत जास्त शेअर करा! १) सरकारकडे नोंदणी नसेल तर कॉपीराइट तुमचा नाहीच, कोर्ट दारात उभं करत नाही. २) नोंदणीला एजंट लागतो, पंधरा-वीस हजार जातात. त्यापेक्षा हस्तलिखित रजिस्टर पोस्टानं स्वतःच्याच पत्त्यावर पाठवा, पाकीट फोडू नका, तोच पुरावा. ३) पुस्तकाला आयएसबीएन मिळाला की कॉपीराइट झाला. ४) गाणं एकदा नोंदवलं की शब्द, चाल, रेकॉर्डिंग सगळं त्यात आलं. ५) सॉफ्टवेअर नोंदवू नका, अख्खा सोर्स कोड सरकारला द्यावा लागतो.»

मी एक छोटं प्रकाशन चालवतो. आमच्या आणि मित्रमंडळींच्या पुस्तकांचे, गाण्यांचे नोंदणी अर्ज मीच भरतो. या मजकुरावर विश्वास ठेवून पाकिटं कपाटात जपणारी माणसं मला भेटली आहेत, म्हणून एकेका मुद्द्याला सविस्तर उत्तर देतोय.

पहिला मुद्दा

कविता वहीत उतरली, चाल मोबाइलमध्ये रेकॉर्ड झाली, कोड टाइप झाला, की त्याच क्षणी कॉपीराइट जन्माला येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात त्यासाठी कुठलाही अर्ज, शिक्का किंवा फी सांगितलेली नाही. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून पुढे साठ वर्षं हा हक्क टिकतो, नोंदणी असो वा नसो.

मग हा समज आला कुठून? तो अगदीच हवेतला नाही. २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी सॉफ्टवेअरच्या एका खटल्यात असा निकाल दिला होता की, दाद मागण्याआधी नोंदणी हवीच. त्या निकालाचा आधार घेऊन प्रतिवादीचे वकील कित्येक वर्षं ‘नोंदणी नाही, दावा फेटाळा’ असं म्हणत राहिले. २०२१ साली त्याच न्यायालयात ‘संजय सोया’ प्रकरणात न्या. गौतम पटेल यांनी कायद्यातली कलमं एकेक उलगडून दाखवली आणि नोंदणी सक्तीची नाही, हे स्पष्ट केलं. २०१२ चा निकाल आधीचे निर्णय विचारात न घेता दिला गेला, असंही त्यांनी नमूद केलं. फिरणारा मजकूर अजून त्या जुन्या निकालावरच अडकलेला आहे.

तरीही मी नोंदणी करायला सांगतो, त्याचं कारण कलम ४८. नोंदवहीतली नोंद आणि तिचा प्रमाणित उतारा हा कोर्टात सकृद्दर्शनी पुरावा मानला जातो. म्हणजे वाद झाला तर ‘हे मी लिहिलं’ हे शून्यापासून सिद्ध करत बसावं लागत नाही. नोंद खोटी आहे, हे समोरच्याला दाखवावं लागतं. आणि तो दाखवू शकतो, हेही लक्षात ठेवा. कॉपीराइट कार्यालय तुमच्या घरी येऊन कविता कोणी लिहिली याची चौकशी करत नाही. समोरच्याकडे तुमच्या अर्जाच्या आधीचे कच्चे खर्डे, ईमेल किंवा छापील अंक असेल, तर तो उच्च न्यायालयात जाऊन ती नोंद दुरुस्त किंवा रद्द करून घेऊ शकतो. म्हणून प्रमाणपत्र आलं तरी खर्डे फेकू नका.

दुसरा मुद्दा

सीलबंद पाकिटाला आपल्या कायद्यात काहीही खास स्थान नाही. त्यावरचा शिक्का एवढंच सांगतो की त्या तारखेला एक पाकीट पोस्टातून गेलं. आत काय होतं, ते नंतर घातलं की आधी, याबद्दल पोस्ट काहीच सांगत नाही, आणि कलम ४८ चा फायदा फक्त सरकारी नोंदवहीला आहे. पाकीट जाळू नका, पण त्याच्या भरवशावरही राहू नका.

खर्चाचं म्हणाल तर पुस्तक, कविता, नाटक, संगीत आणि सॉफ्टवेअर यांची सरकारी फी प्रत्येक कृतीला ५०० रुपये आहे. ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये, चित्रपटाला ५,००० रुपये. एजंटची किंवा वकिलाची सक्ती नाही. पंधरा-वीस हजार कोणी मागत असेल, तर ती त्याची मजुरी आहे. अर्ज नामंजूर झाला तरी फी परत मिळत नाही, म्हणून तो घाईत भरू नये.

अर्ज copyright.gov.in वर भरायचा. तिथे जो Form XIV दिसतो त्याला दोन जोडपत्रं असतात. पहिल्यात कृतीचं नाव, भाषा, लेखकाचं नाव-पत्ता-राष्ट्रीयत्व, हक्क कोणाकडे आहे, प्रकाशित की अप्रकाशित, आणि प्रकाशित असेल तर पहिल्यांदा कुठल्या साली, कुठल्या देशात, कोणी प्रकाशित केली, हे लिहायचं. दुसऱ्यात कृती मूळची आहे की भाषांतर किंवा रूपांतर, ते सांगायचं. दुसरं जोडपत्र साहित्य, नाट्य, संगीत आणि कला यांनाच लागतं. सही अपलोड केली, पैसे भरले की डायरी नंबर मिळतो. तो जपून ठेवा, पुढे अर्ज कुठपर्यंत आलाय ते त्यावरूनच कळतं.

नंतरचे ३० दिवस कार्यालय हरकतीची वाट पाहतं. कृतीत ज्यांचा हक्क किंवा वाद आहे, त्यांना अर्जाची सूचना द्यायची जबाबदारी अर्जदाराची. हरकत नसेल तर तपासणी होते. त्रुटी आढळली तर पत्र येतं आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावं लागतं.

बहुतेक अर्ज प्रकाशित-अप्रकाशित याच प्रश्नावर अडखळतात. एका कवितासंग्रहाच्या अर्जात मी स्वतः ‘अप्रकाशित’ लिहिलं होतं, कारण पुस्तक छापायचं होतं. पण त्यातल्या काही कविता दोन दिवाळी अंकांत आधीच येऊन गेल्या होत्या. शिवाय अर्जात संग्रहाचं नवं नाव होतं आणि हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर जुनंच राहिलं होतं. त्रुटीचं पत्र आलं ते नावातल्या फरकामुळे. उत्तर देताना अंकांमधल्या कविता, त्यांची सालं आणि अंकांची नावं लिहून दिली, पहिलं पान बदललं, तेव्हा अर्ज पुढे सरकला. चूक माझीच होती. आता मी अर्ज भरायच्या आधी हस्तलिखिताचं पहिलं पान आणि अर्जातलं नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहतो.

हस्तलिखित अप्रकाशित असेल तर दोन प्रती पाठवण्याचा एक फायदा आहे: एक प्रत कार्यालयाचा शिक्का मारून परत येते, दुसरी नोंदीसाठी तिथे गोपनीय राहते. पाकीट न फोडता ठेवण्यातून लोकांना जे हवं असतं, ते खरं तर इथे मिळतं. पुढे पुस्तक छापून आलं की नोंदीत बदलासाठी वेगळा अर्ज करायचा असतो.

तिसरा मुद्दा

आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांक आहे. भारतात तो राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो आणि दुकानदाराला, ग्रंथालयाला पुस्तक ओळखायला उपयोगी पडतो. पुस्तक कोणाचं, याचा निवाडा तो करत नाही. याच गोंधळात आणखी एक गोष्ट मिसळली जाते: प्रकाशकाला १९५४ च्या कायद्यानुसार पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी काही ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवावी लागते. ते कर्तव्य वेगळं, कॉपीराइट नोंदणीची प्रत वेगळी. एकीने दुसरी भागत नाही.

चौथा मुद्दा

सगळ्यात जास्त नुकसान या ओळीने होतं.

समजा तिघांनी मिळून गणपतीचं गाणं केलं. एकीनं शब्द लिहिले, एकानं चाल बांधली, तिसऱ्यानं स्वतःच्या पैशानं स्टुडिओ घेऊन रेकॉर्डिंग केलं. कायद्याच्या नजरेत या तीन कृती आहेत. शब्द ही साहित्यकृती, हक्क कवयित्रीचा. चाल ही संगीतकृती, आणि कायदा स्वच्छ सांगतो की संगीतकृतीत शब्द येत नाहीत, त्यामुळे हक्क संगीतकाराचा. रेकॉर्डिंग हे ध्वनिमुद्रण, आणि त्याचा कर्ता म्हणजे निर्माता, गायक नव्हे. गायकाला कलाकार म्हणून वेगळे हक्क आहेत.

म्हणून अर्जही तीन. शब्दांना ५००, चालीला ५००, ध्वनिमुद्रणाला २,०००, एकूण ३,००० रुपये. शब्दांच्या अर्जाला ओळींची प्रत, चालीच्या अर्जाला स्वरलेखन आणि ध्वनिमुद्रणाच्या अर्जाला गाण्याची फाइल जोडायची. ध्वनिमुद्रणाचा अर्ज करताना निर्मात्यानं कवयित्री आणि संगीतकाराची लेखी संमतीपत्रं आधीच घ्यावीत, नाहीतर तिथेच त्रुटी निघते. निर्मात्यानं फक्त स्वतःचा अर्ज केला, तर उद्या कुणी त्याच ओळी नव्या चालीवर गायला, तेव्हा निर्मात्याचं प्रमाणपत्र कवयित्रीच्या कामाला येणार नाही.

आणि नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये हे सांगितलेलं आहे. गाण्याचं नाव वाचवायला नोंदणी करू नका.

पाचवा मुद्दा

सॉफ्टवेअर साहित्यकृतीतच मोडतं, फी ५०० रुपये. पूर्वी अख्खा सोर्स कोड द्यावा लागायचा, ती भीती तेव्हा खरी होती. २०२१ मध्ये नियम बदलले. आता सोर्स कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं पुरतात, कोड २० पानांपेक्षा कमी असेल तर मात्र सगळा द्यायचा. या पानांतला कोणताही भाग काळा करून किंवा झाकून चालत नाही. म्हणून पासवर्ड, सर्व्हरच्या किल्ल्या कोडमध्येच लिहून ठेवल्या असतील, तर त्या आधी वेगळ्या फाइलमध्ये काढा, मग प्रिंट घ्या. आणि संरक्षण मिळतं ते लिहिलेल्या कोडला. त्यामागची कल्पना दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे वेगळ्या कोडमध्ये लिहिली, तर नोंदणी तिला रोखत नाही.

खरी अडचण पानांची नसते, मालकीची असते. पगारी नोकरानं नोकरीत लिहिलेला कोड, उलट करार नसेल तर, मालकाचा. पण फ्रीलान्सरला पैसे देऊन लिहून घेतलेला कोड त्या फ्रीलान्सरचाच राहतो. ‘पैसे आम्ही दिले’ एवढ्यावर कंपनीनं स्वतःच्या नावानं अर्ज केला, तर हक्क कुठून आला हे विचारलं जातं आणि बिलाची पावती त्याचं उत्तर होत नाही. लेखी, सही केलेलं हस्तांतरणपत्र लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पुण्यातल्या कंपनीनं आखाती देशांत विकायचं सॉफ्टवेअर अशा कागदावर घेतलं असेल, तर भारताबाहेरचा हक्क अजून कोड लिहिणाऱ्याकडेच आहे. म्हणून अर्ज भरायच्या आधी तो कागद काढून मुदत आणि प्रदेशाच्या ओळी तपासा.