स्नेहसंमेलनाचे अंदाजपत्रक : जमेची बाजू शेवटी भरावी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाली आणि शिक्षकसभेत स्नेहसंमेलन समितीचे प्रमुख म्हणून आपले नाव एकमताने मंजूर झाले, म्हणजे त्या सभेला आपण गैरहजर होता, एवढे उघड आहे. आता आठवडाभरात अंदाजपत्रक आणि त्यासोबत एक छोटी मंजुरी टिपणी मुख्याध्यापकांपुढे ठेवायची आहे. अंदाजपत्रक करताना आधी खर्च मोजतात, मग जमा मोजतात आणि शेवटी दोन्हींची तोंडमिळवणी करतात, असा समज शाळेबाहेरच्या लोकांत प्रचलित आहे. आपण तो मनावर घेऊ नये. प्रथम एकूण आकडा ठरवावा. तो गोल असावा आणि गेल्या वर्षीपेक्षा थोडा मोठा असावा.

उदाहरणासाठी मालवण तालुक्यात खाडीच्या तोंडाशी एक माध्यमिक शाळा आहे आणि तिच्या पटावर साडेतीनशे मुले आहेत, असे कल्पूया. एकूण आकडा दीड लाख ठरला. मंडप, व्यासपीठ आणि खुर्च्या 42,000, ध्वनी व प्रकाशयोजना 28,000, डिझेलसह जनरेटर 8,000, वेशभूषेचे भाडे 18,000, बक्षिसे 15,000, अल्पोपाहार 15,000, आणि उरलेल्या 24,000 मध्ये छायाचित्रण, छपाई, पाहुण्यांचे सत्कार व किरकोळ. हे आकडे कोठून आले, असे कोणी विचारल्यास गेल्या वर्षीची फाइल दाखवावी. त्या फाइलमध्ये गेल्या वर्षीचे अंदाजपत्रक आणि त्याखाली प्रत्यक्ष बिले अशी दोन्ही कागदपत्रे असतात. आपण अंदाजपत्रकच उघडावे, कारण बिले उघडली की मंडपाचा अंदाज आणि मंडपाचे बिल यांतला फरक दिसतो आणि उगाच मन विचलित होते.

दरपत्रके तीन मागवावीत, असा संस्थेचा नियम आहे. तो जरूर पाळावा. तीनही दरपत्रके एकाच मंडपवाल्याकडून, त्याच्या मेहुण्याच्या आणि भाच्याच्या नावाने आणली तरी नियम पाळला जातोच. ती वाचताना फक्त वरचा आकडा पाहावा. एकाच्या दरात कुडाळहून सामान आणण्याचे भाडे धरलेले असते, दुसऱ्याच्या दरात ते नसते. एकाने बाजूचे कनात धरलेले असते, दुसऱ्याने नुसते छत. समुद्राच्या बाजूने मोकळ्या असलेल्या मैदानावर कनातीला जादा बांबू आणि ताण लागतात, हे मंडपवाल्याला ठाऊक असते आणि आदल्या दिवशी सायंकाळी तो ते आपल्यालाही सांगतो. तळाशी बारीक अक्षरात ‘जीएसटी 18 टक्के वेगळा’ असे लिहिलेले असल्यास ती ओळ टाचणीखाली दाबावी. बेचाळीस हजारांवर ती 7,560 रुपये होते, म्हणजे आपल्या जनरेटरएवढी.

तारीख ठरवताना आसपासच्या गावांच्या जत्रांचे पत्रक पाहू नये. कार्तिकी पौर्णिमेनंतर तळकोकणात एकामागून एक जत्रा लागतात, रात्ररात्र दशावतार रंगतो, आणि ध्वनिक्षेपकवाला त्या काळात ज्या गावाला नाही म्हणू शकत नाही ते गाव नेमके आपल्या शेजारचे असते. जत्रेच्या तारखेला स्नेहसंमेलन ठेवले की तो दर वाढवतो, किंवा सामान पाठवतो आणि माणूस पाठवत नाही. दोन्ही प्रसंगांत खर्चाचा अंदाज चुकतो, परंतु चूक आपली ठरत नाही. ती देवीची इच्छा ठरते.

खर्च झाला. आता जमा. यात खरी कारागिरी आहे.

मुलांकडून प्रत्येकी शंभर रुपयांप्रमाणे 35,000 येतात, संस्था 25,000 देते, मिळून 60,000. दीड लाखातून ते वजा केले की 90,000 उरतात. या उरलेल्या रकमेलाच प्रायोजकत्व म्हणतात. प्रायोजक किती देतील हे प्रायोजकांना विचारून ठरवण्याची पद्धत अत्यंत धोक्याची आहे, कारण ते उत्तर देतात. त्याऐवजी नव्वद हजार हा आकडा आधी लिहावा आणि मग तो भरेपर्यंत नावे आठवावीत. मुंबईचे माजी विद्यार्थी मंडळ 30,000, एक मोठे आंबा बागायतदार 20,000, किनाऱ्यावरचे न्याहारी-निवासवाले 15,000, पतसंस्था 10,000, मच्छीमार सोसायटी 10,000, आणि नाक्यावरचे वह्या-पुस्तकांचे दुकान 5,000. बेरीज बरोबर नव्वद हजार. एवढी अचूक बेरीज पाहून कोणत्याही मुख्याध्यापकांना शंका यायला हवी, पण त्यांनीही एके काळी हीच समिती सांभाळलेली असल्यामुळे ती येत नाही.

येथे एक नतद्रष्ट सहकारी, बहुधा गणिताचे सर, असे सुचवतील की या सहा नावांचे तीन गट करावेत : ज्यांचा धनादेश हातात आहे ते, ज्यांचे सहीचे पत्र आहे ते, आणि जे नुसते ‘बघूया’ म्हणाले ते, पहिल्या दोन गटांवर खर्च आखावा आणि तिसऱ्याला शून्य धरावे. त्यांना चहा पाजून परत पाठवावे. त्यांच्या पद्धतीने पाहिले तर काय शिल्लक राहते ते पाहा. पतसंस्थेचे पत्र आले आहे, दहा हजार. न्याहारी-निवासवाले पैसे देणार नाहीत, ते तीनशे पंचाहत्तर जणांचा नाश्ता स्वतः देणार आहेत, चाळीस रुपये पानाप्रमाणे पंधरा हजारांचा. दुकानदार बक्षिसांसाठी पाच हजारांच्या वह्या देणार आहे. म्हणजे हे वीस हजार रुपये नाहीतच. नाश्ता आणि वह्या आहेत. ते जमेत धरायचे तर खर्चाच्या बाजूला त्यांच्याच समोर राहतात, आणि मंडपवाल्याला बटाटेवडे देऊन त्याचे बिल भागत नाही. मात्र आपण हे वीस हजार रोख समजून मंडपाकडे वळवावेत आणि नाश्त्याचे पंधरा हजार खर्चात तसेच ठेवावेत, म्हणजे दोन्ही रकाने भरलेले दिसतात.

उरलेल्या तिघांचे साठ हजार हे शुद्ध सदिच्छेचे आहेत. मुंबईकर मंडळी गणपतीला आणि शिमग्याला गावात येतात. डिसेंबरात त्यांची बैठक दादरला कोणाच्या तरी घरी ठरते आणि पुढच्या रविवारवर जाते. मच्छीमार सोसायटीचा चेअरमन शब्दाचा पक्का आहे, फक्त बांगडा कधी लागेल याबद्दल त्याला शब्द देता येत नाही. बागायतदारांचे प्रकरण सर्वांत उद्बोधक आहे. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत डिसेंबर म्हणजे मोहोराचे आणि फवारणीचे दिवस. औषधाचा, पंपाचा आणि मजुरीचा पैसा त्या काळात बागायतदाराच्या खिशातून बाहेर जात असतो. तो आत येतो पेट्या वाशीला गेल्यावर, म्हणजे मुख्यतः एप्रिल आणि मे महिन्यांत. तेव्हा ते ‘वीस हजार माझे’ म्हणाले, यात खोटे काही नाही. महिना कोणता, एवढेच आपण विचारले नाही, आणि विचारूही नये.

प्रायोजकाच्या नावाचा फलक पैसे येण्याआधीच छापून घ्यावा. पैसे मिळाल्याशिवाय पावती फाडायची नाही, हा नियम हिशेबनीस पाळतात. फलकाला पावती लागत नाही. शिवाय प्रत्येक प्रायोजकाला व्यासपीठावर ‘दोन शब्द’ बोलण्याचे निमंत्रण द्यावे. सहा प्रायोजक प्रत्येकी दहा मिनिटे बोलले की एक तास जातो. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, त्यामुळे कात्री शेवटच्या नृत्यांवरच चालते, आणि ज्या वेशभूषेसाठी आपण 18,000 रुपये धरले तिच्यातली निम्मी मुले रंगवलेले चेहरे घेऊन पालकांबरोबर घरी जातात. भाडे मात्र पूर्ण द्यावे लागते.

आता टिपणी. ती लहान असावी, कारण मुख्याध्यापक तिसऱ्या ओळीनंतर सही करण्याची जागा शोधतात.

‘मा. मुख्याध्यापक यांच्या सेवेशी सविनय सादर. विषय : वार्षिक स्नेहसंमेलनाच्या खर्चास मंजुरी मिळणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, एकूण अंदाजित खर्च रु. 1,50,000 असून विद्यार्थी शुल्क, संस्था अनुदान व प्रायोजकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद यांतून तो भागविण्याचे नियोजन आहे. तरी मंजुरी द्यावी, ही विनंती.’

‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ या दोन शब्दांत नव्वद हजार रुपये मावतात. प्रतिसाद आला आहे की येणार आहे, हे वाक्य सांगत नाही; ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे, किंबहुना एकमेव.

गणिताच्या सरांची टिपणी याहून दोनच ओळी मोठी होती, पण पाहा काय अनर्थ : ‘आज रोजी निश्चित रोख जमा रु. 70,000 आहे. याशिवाय रु. 20,000 चा नाश्ता व वह्या वस्तुरूपाने मिळणार आहेत. पहिल्या टप्प्यात साधा मंडप करासह रु. 25,000, केवळ ध्वनियोजना रु. 12,000 आणि सोबतच्या तक्त्यातील इतर बाबी धरून रु. 70,000 पर्यंत खर्चास मंजुरी द्यावी. प्रकाशयोजना, मोठे व्यासपीठ व छायाचित्रण 10 डिसेंबरपर्यंत प्रत्यक्ष जमा होणाऱ्या रकमेनुसारच घ्यावे. त्या तारखेनंतर आलेली रक्कम पुढील वर्षासाठी राखून ठेवावी.’ अशी टिपणी गेली की मुख्याध्यापकांना नेमके कशावर सही करतो हे कळते, आणि मग ते प्रश्न विचारतात. शिवाय 10 डिसेंबरला कोणीतरी बँकेचे पासबुक उघडून बघावे लागते. सरांना निवेदन व सूत्रसंचालनाची जबाबदारी द्यावी.

कार्यक्रम झाला की मंडपवाला बाकी मागायला येईल. आगाऊ दिलेल्या रकमेवर तो आजवर समाधानी होता, पण आता करासह बिल घेऊन आला आहे. त्याला शिमग्यानंतर या असे सांगावे. शिमग्यानंतर आला तर आंबा होऊ द्या म्हणावे. आंबा होईपर्यंत शाळेला सुट्टी लागते आणि हिशेबनीस गावी जातात. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा मासेमारीही बंद झालेली असते, त्यामुळे सोसायटीकडे जाण्याचा प्रश्नच येत नाही. एवढे होऊनही तो मागायला आलाच, तर पुढच्या स्नेहसंमेलनाच्या अंदाजपत्रकात ‘मागील देणे’ असा स्वतंत्र रकाना मुळीच काढू नये. किरकोळ खर्च पाच हजारांवरून पंचेचाळीस हजारांवर न्यावा आणि त्यासमोर मुंबई मंडळाचे नाव लिहावे.