परदेशातून : स्कॅन नॉर्मल आला, तरी हा मुलगा अजून मैदानाबाहेर का?

"सीटी स्कॅन नॉर्मल आला, मोबाइलवरच्या चाचणीत पैकीच्या पैकी पडले, पोरगा स्वतः म्हणतो बरं वाटतं. मग अजून किती दिवस बसवून ठेवायचं, भाऊ?"

नागपुरात शाळकरी मुलांना कबड्डी शिकवणाऱ्या माझ्या एका जुन्या सहखेळाडूने हे विचारले. मी कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात खेळाडूंचा फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो, आणि डोक्याला मार बसलेली मुले हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. माझे उत्तर असे की, ज्या तीन गोष्टींवर तो निर्धास्त आहे, त्यांपैकी एकही गोष्ट मेंदू पूर्ववत झाला आहे असे सांगत नाही.

मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीतला. चढाई करताना त्याने बोनस रेषेकडे झेप घेतली आणि कोपऱ्यातील बचावपटूचा गुडघा त्याच्या कानशिलावर आदळला. त्याची शुद्ध हरपली नाही, तो उठलाही. पण पुढच्या पाच मिनिटांत त्याने गुणसंख्या दोनदा विचारली आणि रात्री त्याला एकदा उलटी झाली. घरच्यांनी तातडीने स्कॅन करून घेतला, हे त्यांनी योग्यच केले. चौथ्या दिवशी डोके दुखायचे थांबले आणि सहाव्या दिवशी तो सामना खेळला. तिथे पकडीत खाली पडताना त्याचे डोके मॅटवर आपटले. हा मार पहिल्यापेक्षा बराच हलका होता, पण यानंतर तीन आठवडे उलटले तरी त्याला शिकवणीत फळ्याकडे पाहताना गरगरते आणि वाचलेला परिच्छेद पुन्हा वाचावा लागतो. "बरं वाटतं" हे तो प्रशिक्षकाला सांगतो; आईला यातले काही सांगतो, काही लपवतो.

हलक्या माराने जास्त त्रास का व्हावा, हे कळायला कवटीच्या आत काय घडते ते पाहावे लागते. डोक्याला झटका बसला की मेंदूतील पेशींची आवरणे ताणली जातात. पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते आणि ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन एकदम मोकळे होते. ही उलथापालथ सावरण्यासाठी पेशींतील पंप पूर्ण जोराने चालू लागतात आणि त्यांना नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक ग्लुकोज लागते. नेमक्या त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा मात्र घटलेला असतो. मे महिन्यात साऱ्या नागपुरात कूलर चालू असताना व्होल्टेज पडावे, तशी ही स्थिती असते. सुरुवातीच्या या धावपळीनंतर पेशींची ऊर्जानिर्मितीच मंदावते आणि ही मंदी दिवसचे दिवस टिकते. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले आहे की, दुसरा धक्का या मंदीच्या काळात दिला तर हानी वाढते आणि ती ओसरल्यावर दिला तर तेवढी वाढत नाही. माणसात हा काळ नेमका किती दिवसांचा, हे प्रयोगशाळेतील आकड्यांवरून ठरवता येत नाही. पण सहावा दिवस फार लवकर होता, याविषयी मला शंका नाही.

यातले काहीही सीटी स्कॅनवर उमटत नाही. तो स्कॅन रक्तस्राव आणि हाडाचे फ्रॅक्चर शोधण्यासाठी असतो. उलट्या थांबत नसतील, डोकेदुखी वाढत असेल, मूल गुंगीत जात असेल, झटके येत असतील किंवा हातापायांतील शक्ती कमी वाटत असेल, तर विलंब न करता रुग्णालयात गेलेच पाहिजे. तसे काही नसल्यास नॉर्मल स्कॅनचा अर्थ एवढाच की शस्त्रक्रियेची वेळ आलेली नाही.

माझा मित्र "बेशुद्ध पडला तर मी कुणाला खेळवतच नाही" असे सांगतो. हा नियम त्याने काटेकोर पाळला आहे आणि तो चांगलाच आहे. पण डोक्याला हिसका बसून मेंदूचे काम काही काळ बिघडते, त्याला कन्कशन म्हणतात; खेळातील कन्कशनमध्ये शुद्ध हरपण्याचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी असते, त्यामुळे बहुतेक मुले या चाळणीतून निसटतात. मुलाच्या मावशींना स्वतःचा स्कूटरवरून झालेला अपघात आठवला. त्या दुसऱ्याच दिवशी कामावर गेल्या होत्या आणि त्यांना काहीही झाले नाही, म्हणून सध्याची मुले नाजूक झाली आहेत असे त्यांचे मत पडले. काकांनी मात्र कबड्डीत हेल्मेट आणावे असे सुचवले. हेल्मेटमुळे कवटी फुटण्याचा धोका कमी होतो. डोके एकदम थांबले किंवा गर्रकन वळले, तर आतल्या मेंदूला बसणारा हिसका हेल्मेटने फारसा टळत नाही. क्रिकेटमध्ये हेल्मेट असूनही कन्कशन होते, ते याच कारणाने.

आता चाचणीविषयी, कारण खरी दिशाभूल तिथेच झाली आहे. प्रशिक्षकाने मोबाइलवरची पाच शब्दांची यादी मुलाला ऐकवून लगेच म्हणायला लावली, आणि तीच यादी एका आठवड्यात तीनदा वापरली. पाच शब्द तर डोके दुखत असलेला मुलगाही सांगतो, आणि तिसऱ्या वेळेपर्यंत ते पाठही होतात. सध्या तेरा वर्षांवरील खेळाडूंसाठी वापरल्या जाणाऱ्या स्कॅट-६ या पद्धतीत दहा शब्द असतात. ते तीनदा ऐकवून तीनदा विचारतात आणि मधे इतर कामे देऊन किमान पाच मिनिटांनी, पूर्वसूचना न देता, पुन्हा विचारतात. त्याखेरीज अंकांची मालिका उलट म्हणायची असते, वर्षाचे महिने डिसेंबरपासून मागे म्हणायचे असतात आणि त्याला लागलेला वेळ मोजतात. शिवाय तोल पाहतात आणि बावीस लक्षणांना शून्य ते सहा गुण द्यायला सांगतात.

मी व्हिडिओ कॉलवर त्याच्याकडून दहा मराठी शब्द करून घेतले. तीन फेऱ्यांत पाच, सहा आणि पुन्हा सहा शब्द आले, आणि काही मिनिटांनी त्यांतले तीनच उरले. पाच अंकांची उलट मालिका दोन्ही वेळा चुकली. महिने त्याने बरोबर सांगितले, पण मधे दोनदा थांबून. याचा अर्थ लावताना मी स्वतःलाच रोखले, कारण ती शब्दांची यादी माझी होती, विदर्भातील पंधरा वर्षांच्या मुलांचे सर्वसाधारण गुण किती असतात याचा आधार मला नव्हता आणि मार लागण्यापूर्वीची त्याची चाचणी कुणी घेतलेलीच नव्हती. शिवाय शिकवणीमुळे तो जेमतेम पाच तास झोपत होता, आणि अपुऱ्या झोपेने असेच गुण पडू शकतात. म्हणून मी झोप सुधारायला सांगितले आणि दोन आठवड्यांनी वेगळ्या यादीवर पुन्हा पाहिले. तेव्हा उशिराच्या आठवणीत सहा शब्द आले आणि अंक जमले. एकट्या आकड्यापेक्षा त्याच मुलात झालेला हा बदल मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

तरीही गुण सुधारले म्हणून परवानगी मिळत नाही. त्याच आठवड्यात अंबाझरी तलावाच्या काठाने भरभर चालताना त्याची डोकेदुखी दहापैकी एकवरून चारवर गेली. २०२२ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे ठरलेल्या आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार, व्यायामात लक्षणे दोन गुणांपर्यंत आणि थोडाच वेळ वाढली तर चालते. त्याहून वाढली तर त्या दिवशी थांबायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करायचा. बसून घेतलेल्या चाचणीत हे कधीच उघड होत नाही. म्हणून आधी चालणे आणि सायकल, नंतर एकट्याने मैदानावर पदलालित्य, मग कुणी पकडणार नाही अशी चढाई, त्यानंतर पकडीसह सराव आणि शेवटी सामना, असा क्रम मी लिहून दिला. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यायचा. पकड नसली तरी इतरांसोबतचा सराव सुरू करण्यापूर्वी, श्रमानंतरही एकही लक्षण उरलेले नसावे आणि डॉक्टरांची परवानगी हवी. शाळेचा पूर्ण दिवस झेपणे हेही त्याआधीच यायला हवे.

याच्या उलट चूकही मला घरच्या चर्चेत दिसते. मुलाच्या आजींनी त्याला पडदे लावून महिनाभर झोपवून ठेवावे असे सुचवले होते. पहिले एक-दोन दिवस विश्रांती आणि कमी स्क्रीन योग्यच आहे. पण त्यापुढे हलक्या चालण्याने बरे होणे लांबत नाही. किशोरवयीन खेळाडूंवरील २०१९ च्या एका अभ्यासात, लक्षणे वाढू न देता रोज व्यायाम करणारी मुले साधारण तेरा दिवसांत, तर नुसते स्ट्रेचिंग करणारी सतरा दिवसांत बरी झाली. प्रौढ बहुधा दोन आठवड्यांत आणि मुले चार आठवड्यांत सावरतात. चार आठवड्यांपुढे त्रास टिकला तर मान, तोल, डोळ्यांची हालचाल, झोप आणि मनःस्थिती यांची स्वतंत्र तपासणी हवी. या मुलाने ती मर्यादा आता ओलांडली आहे.

ओंटारिओत यासाठी कायदा आहे. सतरा वर्षांची रोवन स्ट्रिंगर रग्बी खेळताना काही दिवसांच्या अंतराने डोक्याला वारंवार मार लागून २०१३ मध्ये मरण पावली. २०१८ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला. संशय आला की मुलाला बाहेर काढायचे, आणि डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे निदान-उपचाराचे अधिकार असलेल्या परिचारिका, यांच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही. मला फिजिओथेरपिस्ट म्हणून ती परवानगी देता येत नाही. तरी इथेही आइस हॉकीच्या निवडीच्या आठवड्यात पालक लक्षणे लपवताना मी पाहिले आहेत, आणि मार लागल्यावरची घसरण दिसू नये म्हणून मोसमाआधीच्या चाचणीत मुद्दाम कमी गुण मिळवून ठेवणारी मुलेही.

आपल्याकडे ३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्याच्या टी-ट्वेंटी सामन्यात डोक्याला चेंडू लागलेल्या शिवम दुबेऐवजी कन्कशनचा बदली खेळाडू म्हणून हर्षित राणा आला, तेव्हा मला नागपूरहून आलेले सगळे संदेश हा बदली खेळाडू योग्य होता की नव्हता याच वादाचे होते. मला त्याऐवजी ऑगस्ट २०१९ मधल्या लॉर्ड्सची चर्चा व्हावीशी वाटते. ८० धावांवर जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर बसल्यावर स्टीव्ह स्मिथ तपासण्या पार करून सुमारे पाऊण तासात परत खेळायला आला आणि ९२ वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र डोकेदुखी आणि सुस्ती सुरू झाली, त्याच्या जागी लाबुशेन आला आणि पुढचा कसोटी सामनाही स्मिथला सोडावा लागला. डॉक्टरांचे पथक सीमारेषेवर असताना असे घडते, तर मैदानावर एकटा असलेल्या प्रशिक्षकाने त्याच दिवशी मुलाला परत न पाठवणे एवढेच त्याच्या हातात आहे.

नागपुरातील माझ्या एका न्यूरॉलॉजिस्ट मित्राचा आक्षेप मला टाळता येत नाही. तो म्हणतो, "तुमच्याकडे मुलाला मोसमाआधी तपासता; इथे एका मैदानावर चार संघ आणि एक पंच. शिवाय इंग्रजी यादीवर घेतलेली चाचणी मुलाची स्मृती मोजते की इंग्रजी, हे मी कसे सांगू?" मोसमापूर्वीची चाचणी उपयोगी असली तरी अनिवार्य नाही, असे मी त्याला कळवले. मराठी यादीविषयी तो बरोबर आहे: समान लांबीचे, समान परिचयाचे शब्द निवडून त्या वयाच्या पुरेशा निरोगी मुलांवर ते तपासल्याशिवाय माझ्या यादीतील तीन शब्दांना खात्रीशीर अर्थ देता येणार नाही. हे काम आपल्याकडील खेळाच्या संघटना आणि वैद्यकीय महाविद्यालये मिळून करू शकतात. आम्ही दोघांनी सध्या दहा-दहा शब्दांच्या चार याद्या लिहिल्या आहेत, आणि त्यांतील निम्म्या शब्दांवर आमचे अजून एकमत नाही.